बिल अठरा लाखांचे, यंत्र वीस लाखांचे

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीचे कास्टिंग आणून त्यावर टर्निंग, बोअरिंग करून देणारी वर्कशॉप गल्लोगल्ली दिसतात. दोन भागीदार, दहा-बारा कामगार, दोन पाळ्या आणि तासाच्या दरावर घेतलेले जॉबवर्क, असा त्यांचा साधारण संसार. अशा वर्कशॉपमध्ये नवा सीएनसी लेथ येतो तेव्हा मालकाचे सगळे लक्ष मशीनकडे असते. मशीन लेव्हलमध्ये बसले का, स्पिंडल आवाज करतो का, पहिला जॉब मापात आला का, हे तो दहा वेळा पाहतो. हिशेबाच्या वहीत मात्र त्याच मशीनची पहिली नोंद बहुतेक वेळा घाईत होते. बिलावरचा आकडा यंत्र खात्याला टाकला जातो आणि बाकीची बिले जिथे जागा दिसेल तिथे जातात. ट्रकचे भाडे वाहतूक खात्यात, पायाचे काम इमारत दुरुस्तीत, केबलचे बिल किरकोळ खर्चात.

ही घाई पुढे दहा वर्षे भोवते. ती कशी, हे एका उदाहरणावरून नीट कळेल. आकडे सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत, पण खर्चाची नावे कुठल्याही वर्कशॉपच्या फाइलमध्ये सापडतील अशीच आहेत.

समजा, शिरोलीतल्या एका भागीदारी संस्थेने बंगळुरूच्या कारखान्यातून लेथ मागवला. कोटेशन १९ लाखांचे, त्यावर घासाघीस होऊन एक लाखाची व्यापारी सूट. म्हणजे किंमत १८ लाख आणि त्यावर १८ टक्के आयजीएसटी ३,२४,०००. बिल १ जुलै २०२४ चे. सूट बिलातच वजा झालेली असल्याने १९ लाखांचा आकडा वहीत कुठेच येत नाही. उधारीवर घेतलेल्या या यंत्राची रोजकीर्दीतली पहिली नोंद अशी:

यंत्रसामग्री खाते … नावे १८,००,०००
आयजीएसटी इनपुट क्रेडिट खाते … नावे ३,२४,०००
  यंत्र पुरवठादाराच्या खात्याला … २१,२४,०००
(सीएनसी लेथ उधारीवर खरेदी केल्याबद्दल)

कर वेगळ्या खात्यात का टाकला, हे इथेच पाहिलेले बरे. वर्कशॉप जीएसटीत नोंदलेले आहे, स्वतःच्या जॉबवर्कच्या बिलांवर ते कर लावते. त्यामुळे मशीनवर भरलेले ३,२४,००० रुपये त्याला पुढच्या करातून वळते करून घेता येतात. जो पैसा परत मिळणार आहे, तो यंत्राची किंमत होऊ शकत नाही. काही ठिकाणी दोन्ही केले जाते: क्रेडिटही घेतले जाते आणि कराची रक्कम यंत्राच्या किमतीत धरून त्यावर घसाराही काढला जातो. जीएसटी कायद्याने हे सरळ बंद केले आहे. कराच्या रकमेवर प्राप्तिकरासाठी घसारा घेतला, तर त्या रकमेचे क्रेडिट मिळत नाही. ज्याची जीएसटी नोंदणीच नाही किंवा जो कंपोझिशन योजनेत आहे, त्याचे गणित उलटे. त्याला कर परत मिळायचा नाही, म्हणून त्याच्या वहीत यंत्र २१,२४,००० रुपयांचेच येते.

आता यंत्र बंगळुरूहून निघाले. ट्रेलरचे भाडे आणि प्रवासातला विमा ३६,०००. वर्कशॉपच्या दारात ते उतरवून आत सरकवायला हायड्रा क्रेन, तिचे ९,०००. यंत्र जिथे बसणार तिथली जुनी फरशी इतके वजन आणि थरथर सोसणारी नव्हती. ती फोडून नवा काँक्रीटचा पाया घातला, त्याचे ६५,०००. केबल, पॅनेल, अर्थिंग आणि स्टॅबिलायझर ४८,०००. यंत्र बसवून लेव्हल करणे आणि अचूकता तपासणे, यासाठी तंत्रज्ञांचे २७,०००. शेवटी चाचणी. चाचणीचे तुकडे कातायला १८,००० रुपयांचा माल लागला आणि त्यातून निघालेला बुरा व भंगार ३,००० रुपयांना विकले गेले. म्हणजे चाचणीचा निव्वळ खर्च १५,०००. (या रकमा जीएसटी सोडून आहेत.) सगळ्यांची बेरीज दोन लाख.

या दोन लाखांची जागा ठरवताना लेखापाल एकच कसोटी लावतो: हा खर्च केला नसता, तर यंत्र ठरलेल्या जागी उभे राहून ठरलेले काम करू शकले असते का? ट्रेलर नसता तर लेथ बंगळुरूलाच राहिला असता. पाया नसता तर तो थरथरून मापे चुकवत राहिला असता. वीज नसती तर फिरलाच नसता. म्हणून हे सगळे यंत्राच्या किमतीचे भाग. भारतात अशा मालमत्तांसाठीचे लेखामानक १० हेच सांगते. जागा तयार करणे, आणणे, हाताळणे, बसवणे आणि चाचणी या थेट लागणाऱ्या खर्चांसह यंत्राची किंमत ठरते, आणि चाचणीत निघालेल्या मालाची विक्री त्यातून वजा होते. नोंदीही तशाच होतात. प्रत्येक बिलाच्या तारखेला वेगळी नोंद होईल, इथे एकत्र दाखवली आहे:

यंत्रसामग्री खाते … नावे २,००,०००
  बँक खात्याला … २,००,०००
(वाहतूक, क्रेन, पाया, विद्युत काम, उभारणी आणि चाचणीचा निव्वळ खर्च दिल्याबद्दल)

इथे नवशिक्याचा हात अडखळतो. ट्रेलरचे भाडे वाहतूक खात्याला नावे टाकायचे नाही का? एरवी टाकायचे, कच्चा माल आणताना तेच बरोबर. पण यंत्र आणताना ते भाडे यंत्रात मुरते, आणि म्हणून नावे पडते ते यंत्र खाते. वर्कशॉपच्या स्वतःच्या फिटरने चार दिवस उभारणीत घालवले असतील तर त्या दिवसांची मजुरीही यंत्र खात्याला नावे आणि मजुरी खात्याला जमा होते, कारण ती आधीच पगारपत्रकातून मजुरी खात्यात गेलेली असते.

याच कसोटीने काही खर्च बाहेरही पडतात. यंत्राची पूजा, पेढे आणि आलेल्या पाहुण्यांचा चहाफराळ हा उद्घाटनाचा खर्च. तो झाला नसता तरी यंत्र चालले असते, म्हणून तो त्याच वर्षी नफातोटा पत्रकात जातो. ऑपरेटरला नव्या कंट्रोलरचे प्रशिक्षण द्यायला लागलेले पैसेही किमतीत धरता येत नाहीत. प्रशिक्षण त्या माणसाच्या डोक्यात राहते आणि माणूस उद्या शेजारच्या गाळ्यात कामाला जाऊ शकतो, असा त्यामागचा विचार. उतरवताना क्रेनच्या साखळीचा धक्का लागून पत्र्याचे कव्हर चेपले आणि ते नीट करायला पाचेक हजार गेले, तर तो तोटा. निष्काळजीपणामुळे झालेल्या खर्चाने यंत्राची किंमत वाढत नाही. बँकेच्या मुदत कर्जावरचे व्याजही इथे बाहेरच राहते. व्याज किमतीत चढवायचे ते उभारायला बराच मोठा काळ, साधारण वर्ष किंवा जास्त, लागणाऱ्या मालमत्तेच्या बाबतीत. दोन-तीन महिन्यांत बसणाऱ्या लेथला ते लागू होत नाही.

एक रक्कम तर खर्चही नसते आणि किंमतही नसते. नव्या यंत्रासाठी मंजूर वीजभार वाढवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी महावितरणकडे सुरक्षा ठेव भरावी लागते. ती रक्कम जोडणी बंद केल्यावर परत मिळते. तिचे वेगळे ठेव खाते उघडले नाही आणि ती विद्युत कामाच्या बिलांबरोबर यंत्रात ढकलली, तर येणे असलेल्या पैशावर दरवर्षी घसारा पडत राहतो आणि काही वर्षांनी आपली ठेव कुठे आहे हे वहीतून सापडतही नाही.

तर यंत्र आता वीस लाखांचे झाले. पुढचा प्रश्न तारखेचा.

बिल १ जुलैचे असले तरी कोल्हापुरातला जुलै म्हणजे धो धो पाऊस. फरशी फोडायचे काम लांबले. काँक्रीट ओतल्यावर त्याची पूर्ण ताकद यायला २८ दिवस जातात, तेवढे थांबावे लागले. वीजभार वाढून येण्यात आणखी काही आठवडे गेले. चाचणी होऊन यंत्र उत्पादनाला तयार झाले ते १ ऑक्टोबर २०२४ ला, आणि त्याच दिवशी पहिला जॉब लागला. घसारा सुरू होतो तो याच दिवशी, कारण लेखामानकाप्रमाणे यंत्र वापरायला तयार झाले तो दिवस घसाऱ्याचा पहिला दिवस. बिलाची तारीख धरली तर नऊ महिन्यांचा घसारा पडतो आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या यंत्राची झीज नफ्यातून कापली जाते. याची दुसरी बाजूही आहे. १ ऑक्टोबरला यंत्र तयार आहे, पण ऑर्डर नाही म्हणून ते नोव्हेंबरपर्यंत उभे राहिले, तरी घसारा १ ऑक्टोबरपासूनच. कामाविना उभे यंत्रही जुने होत असते.

आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंत उभारणी पुरीच झाली नसती तर? तर ३१ मार्चला हा सगळा खर्च ताळेबंदात ‘उभारणी चालू असलेली मालमत्ता’ म्हणून वेगळा दिसला असता आणि घसारा शून्य.

सरळ रेषा पद्धतीला, म्हणजे आपल्याकडे शाळा-कॉलेजात स्थिर हप्ता पद्धत म्हणून शिकवतात तिला, तीन आकडे लागतात: किंमत, आयुष्य आणि आयुष्य संपल्यावर येणारी मोडीची किंमत. किंमत तर मिळाली. बाकीचे दोन आकडे अंदाजाचे आहेत, आणि अंदाज हवेतून काढायचा नसतो. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे आयुष्य एका पाळीच्या हिशेबाने १५ वर्षे दिले आहे. यंत्र दोन पाळ्या चालले तर घसारा ५० टक्के जास्त धरायचा, तीन पाळ्या चालले तर दुप्पट. ही अनुसूची कंपन्यांना लागू असली तरी भागीदारी संस्थेला ती चांगला आधार देते. आपले वर्कशॉप दोन पाळ्यांत चालते. १५ भागिले दीड म्हणजे १० वर्षे. मोडीच्या किमतीसाठी बाजारात जुन्या लेथला काय भाव येतो ते पाहून भागीदारांनी दोन लाख धरले. कंपनी असती तर तिने साधारणपणे किमतीच्या पाच टक्क्यांवर, म्हणजे एक लाखावर, मोड धरली नसती. जास्त धरायची तर तांत्रिक कारण दाखवावे लागते.

म्हणजे वीस लाखांतून दोन लाख वजा जाता उरलेले अठरा लाख दहा वर्षांत वाटायचे. वर्षाला १,८०,०००. पहिल्या वर्षी यंत्र ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिनेच होते, म्हणून ९०,०००. ३१ मार्च २०२५ ला दोन नोंदी होतात:

घसारा खाते … नावे ९०,०००
  यंत्रसामग्री खात्याला … ९०,०००
(लेथवर सहा महिन्यांचा घसारा आकारल्याबद्दल)

नफातोटा खाते … नावे ९०,०००
  घसारा खात्याला … ९०,०००
(घसारा नफातोटा खात्यात नेल्याबद्दल)

पहिल्या नोंदीने यंत्राची किंमत खाली आली, दुसरीने तेवढा नफा कमी झाला. ताळेबंदात यंत्र १९,१०,००० रुपयांना दिसेल. बरीच लेखा सॉफ्टवेअर आणि कंपन्या पहिल्या नोंदीत यंत्र खात्याला हात न लावता ‘संचित घसारा’ या वेगळ्या खात्याला जमा करतात. तेव्हा ताळेबंदात वीस लाख मूळ किंमत, त्यातून वजा ९०,००० आणि बाकी १९,१०,००० असे तिन्ही आकडे दिसतात. बाकी तीच राहते, पण मूळ किंमत डोळ्यांसमोर राहते. यंत्र जुने झाल्यावर त्याचा विमा उतरवताना किंवा ते विकताना याचा उपयोग होतो, म्हणून छोट्या वर्कशॉपनेही हीच पद्धत धरलेली चांगली.

या दोन्ही नोंदींत बँक खाते कुठे नाही, हे लक्षात घ्यायला हवे. पैसे जुलै ते सप्टेंबरमध्येच गेले. मार्चमध्ये एक रुपयाही हललेला नाही. म्हणून कर्जाचा हप्ता फेडायची ताकद मोजताना बँकेचा अधिकारी निव्वळ नफ्यात घसारा परत मिळवतो.

आता सुरुवातीची ती घाई. उभारणीचे दोन लाख यंत्रात न धरता पहिल्याच वर्षी खर्चात टाकले असते, तर? यंत्राची किंमत १८ लाख राहिली असती, मोड वजा जाता वर्षाचा घसारा १,६०,००० आणि सहा महिन्यांचा ८०,०००. पहिल्या वर्षी नफ्यातून ८०,००० अधिक दोन लाख असे २,८०,००० कापले गेले असते. योग्य आकडा होता ९०,०००. म्हणजे नफा १,९०,००० नी कमी दिसला असता, तोही नेमका ज्या वर्षी भागीदार नव्या कर्जासाठी बँकेला ताळेबंद दाखवत आहेत त्या वर्षी. आणि पुढे दरवर्षी नफा २०,००० नी फुगलेला दिसला असता. एकूण आकडा दहा वर्षांअखेर जुळतो, पण मधल्या एकाही वर्षाचा नफा खरा नसतो.

यापेक्षा जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. जॉबवर्कचा दर तासावर ठरतो. दोन पाळ्यांत वर्षाला साधारण ४,००० तास यंत्र खरेच चालते असे धरले, तर १,८०,००० घसाऱ्याचे तासाला ४५ रुपये होतात. उभारणी विसरून काढलेला १,६०,००० चा घसारा तासाला ४० रुपयेच दाखवतो. पाच रुपये म्हणजे काही नाही असे वाटते. पण जॉबवर्कच्या धंद्यात दर ठरताना फाउंड्रीवाल्याशी रुपया-दोन रुपयांवरून ओढाताण होते. खर्चाचा पायाच पाच रुपयांनी कमी धरलेला असेल तर मालक स्वतःहून तोट्याचा दर कबूल करतो आणि वर्षाअखेर काम भरपूर असून पैसा का उरला नाही, हे त्याला कळत नाही.

प्राप्तिकराचा हिशेब यापासून पूर्णपणे वेगळा ठेवावा लागतो. वीजनिर्मिती करणाऱ्या उद्योगांचा अपवाद सोडला तर कर खाते सरळ रेषा पद्धत मानत नाही. तिथे घटत्या शिलकेवर घसारा निघतो. सर्वसाधारण यंत्रांना दर १५ टक्के, मोडीची किंमत वजा करायची नाही, आणि महिने मोजायचे नाहीत. मोजायचे ते फक्त इतकेच, की घेतलेल्या वर्षात यंत्र १८० दिवस वापरात होते का? कमी असेल तर निम्माच दर. आपला लेथ १ ऑक्टोबरपासून वापरात आहे; ३१ मार्च २०२५ पर्यंत १८२ दिवस होतात, म्हणून पूर्ण १५ टक्के, तीन लाख रुपये. पहिला जॉब ३ ऑक्टोबरला लागला असता तरी बरोबर १८० दिवस भरले असते. ४ ऑक्टोबरला लागला असता तर घसारा दीड लाखावर आला असता. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी वीजभार मंजुरीसाठी मालक कार्यालयाच्या चकरा मारत असतो, आणि म्हणूनच पहिल्या जॉबचे चलन, तपासणीचा अहवाल आणि वीजबिल जपून ठेवायचे असते. कर खात्यात तयार असणे पुरत नाही, वापर दाखवावा लागतो. एकाच लेथचे एकाच वर्षी वहीत ९०,००० आणि कर विवरणपत्रात तीन लाख असे दोन घसारे असणे, यात काहीही गैर नाही. फक्त दोन वेगळे तक्ते ठेवायचे आणि एकाचा आकडा दुसऱ्यात घालायचा नाही.

दुसऱ्या वर्षापासून वहीचे काम सोपे होते. ३१ मार्च २०२६ ला पूर्ण १,८०,००० आणि बाकी १७,३०,०००. पुढच्या मार्चला पुन्हा तेवढेच आणि बाकी १५,५०,०००. हाच क्रम ३० सप्टेंबर २०३४ पर्यंत गेला की यंत्र वहीत दोन लाखांवर येऊन थांबते. मध्ये अंदाज बदलला तर तो बदलायची मुभा असते. समजा, एप्रिल २०२७ पासून वर्कशॉपने दुसरी पाळी बंद केली आणि लेथ आणखी साडेसात नव्हे तर दहा वर्षे चालेल असे दिसले. तेव्हा १५,५०,००० मधून मोडीचे दोन लाख वजा करून राहिलेले १३,५०,००० दहा वर्षांत वाटायचे, म्हणजे वर्षाला १,३५,०००. हा नवा आकडा २०२७-२८ पासून पुढे चालतो. आधीच्या तीन मार्चअखेरींच्या नोंदींना हात लावायचा नाही.